रोजचे आकडे सोडा, शनिवारी बसा: मीडिया क्लबसाठी एक छोटं भाषण आणि त्यामागची पद्धत

जुलैमध्ये माझ्या जुन्या कॉलेजच्या मीडिया क्लबने नव्या मुलांशी बोलायला बोलावलं. वेळ मिळाली सात मिनिटं, कारण लगेच कॅमेऱ्याचं प्रात्यक्षिक होतं आणि सगळ्यांचे डोळे त्या कॅमेऱ्यावरच होते. विषय मीच मागून घेतला होता: क्लबच्या यूट्यूब चॅनलचे आकडे रोज बघायचे नाहीत, आठवड्यातून एकदा बसून बघायचे. भाषणानंतर दोन-तीन मुलं तक्ता मागायला आली. नुसता तक्ता देऊन भागत नाही, म्हणून आधी भाषण जसं झालं तसं देते आणि मग सात मिनिटांत न बसलेलं सगळं. भाषण तुमच्या क्लबमध्ये जसंच्या तसं वापरलंत तरी चालेल, फक्त नाण्यांची सोय करून ठेवा.

भाषण

“मंडळी, प्रत्येकाने एक नाणं काढा. यूपीआयमुळे खिशात नाणं उरलं नसेल तर शेजाऱ्याकडून घ्या, परत मात्र करा. दहा वेळा उडवा आणि छापे किती पडले ते मोजा.”

(इथे दीड-दोन मिनिटं गोंधळ होतो. होऊ द्यावा. नाणी बाकाखाली जातात, कुणीतरी अकरा वेळा उडवतं.)

“सात किंवा जास्त छापे कुणाला पडले? हात वर. छान. तीन किंवा कमी? तू सांग, तुझं काय चुकलं? नाणं धरायची पद्धत? वेळ चुकली? संध्याकाळी सहाऐवजी सकाळी उडवायला हवं होतं का?

तुम्ही हसताय, पण आमच्या वेळी क्लबच्या ग्रुपवर रोज सकाळी हेच चालायचं. काल ४६ व्ह्यूज होते, आज ३१. लगेच एकजण लिहिणार, ‘थंबनेल बदलूया.’ दुसरा म्हणणार, ‘टायटल मराठीत नको होतं.’ दुपारी थंबनेल बदललं जायचं, दुसऱ्या दिवशी आकडा ३९ व्हायचा आणि थंबनेल बदलणारा दिवसभर कॉलर ताठ करून फिरायचा. त्या ३१ला काही कारण नव्हतं आणि ३९लाही नव्हतं. नाणं होतं.

आता दहाऐवजी सत्तर वेळा उडवलंत तर काय होईल? दहा वेळा उडवल्यावर तीन छापेही पडतात आणि सातही, म्हणजे तीस टक्के ते सत्तर टक्के काहीही. सत्तर वेळा उडवल्यावर आकडा बहुतेक वेळा २७ ते ४३ च्या आतच राहतो. नाणं तेच, पण आता ते कमी थापा मारतं. आठवडा म्हणजे हे सत्तर वेळा उडवणं. शिवाय आठवड्यात एक सोमवार असतो, एक रविवार असतो, एक प्रॅक्टिकलचा दिवस असतो. दर आठवड्यात तेवढेच. म्हणून आठवड्याची तुलना आठवड्याशी होते. रविवारची तुलना सोमवारशी केलीत तर तुम्ही व्हिडिओ मोजत नाही, सुट्टी मोजता.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. एकाच माणसाने आकडे काढायचे. सगळ्यांनी शनिवारी चाळीस मिनिटं एकत्र बसायचं. आणि उठताना एकच निर्णय लिहून उठायचं, दोन नाही. अजून एक नियम आहे, तो तुम्हाला अजिबात आवडणार नाही: परवा गुरुवारी टाकलेल्या व्हिडिओबद्दल शनिवारी कुणी बोलायचं नाही. त्याची पाळी पुढच्या शनिवारी. का, ते कॅमेऱ्याचं झाल्यावर ज्याला हवं त्याने विचारा.”

भाषण इथेच संपलं. शेवटच्या नियमावर अपेक्षेप्रमाणे कुरकुर झाली, आणि विचारायला आलेली मुलंही त्यामुळेच आली. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

नवा व्हिडिओ बैठकीत का नाही

आमचा व्हिडिओ दर गुरुवारी संध्याकाळी सहाला जायचा आणि बैठक शनिवारी लेक्चर संपल्यावर व्हायची. म्हणजे शनिवारी दुपारी त्या व्हिडिओचं वय दोन दिवसांपेक्षाही कमी. यूट्यूब स्टुडिओत काही आकडे लगेच दिसतात, पण लोक किती वेळ थांबले वगैरे तपशील तयार व्हायला एक-दोन दिवस लागतात. त्याआधी जे दिसतं ते अर्धवट असतं, आणि अर्धवट आकड्यावर माणसं पूर्ण भांडतात.

त्यात दिवसाचा घोळ वेगळाच. यूट्यूबच्या अहवालातला ‘दिवस’ आपला नसतो, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालतो. उन्हाळ्यात ती वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणून त्यांचा दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला किंवा दीडला बदलतो. सकाळी आठला व्हिडिओ टाकलात तर अहवालात तो आदल्या तारखेला टाकल्यासारखा दिसतो. ‘पहिल्या दिवशी फक्त ११ व्ह्यूज’ म्हणून आमच्याकडे एकदा रडारड झाली होती. तो त्यांचा ‘पहिला दिवस’ जेमतेम साडेचार तासांचा होता, आणि त्या साडेचार तासांत आमचं निम्मं कॉलेज फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला बसलेलं होतं.

म्हणून आम्ही गुरुवार ते बुधवार असे सात दिवस धरायचो. बुधवार संपला की गुरुवार-शुक्रवार आकडे स्थिरावायला सोडायचे आणि शनिवारी ती ओळ भरायची. तुमचा व्हिडिओ वेगळ्या वारी जात असेल तर वार बदला, पण सात पूर्ण दिवस आणि त्यावर दोन दिवसांची उसंत एवढं ठेवा. शक्य असेल तर व्हिडिओ दर वेळी त्याच वारी, त्याच वेळी टाका. तसं केलं तर दोन व्हिडिओंचे सात दिवस खरोखर सारखे असतात.

तक्ता: तीन आकडे आणि दोन वाक्यं

आमचा पहिला तक्ता सतरा रकान्यांचा होता. दोन आठवडे भरला, तिसऱ्या आठवड्यात भरणाऱ्याने आजारी असल्याचं कळवलं. नंतरचा तक्ता गूगल शीटवर, एका व्हिडिओला एक ओळ, आणि आकडे तीनच.

पहिला आकडा, पहिल्या सात दिवसांतले व्ह्यूज. स्टुडिओत तो व्हिडिओ उघडायचा, Analytics मध्ये जायचं, वर उजवीकडे तारखांच्या जागी Custom निवडून टाकलेला दिवस आणि सातवा दिवस भरायचा. हे कष्ट अशासाठी की उघडल्याबरोबर जो आकडा दिसतो तो व्हिडिओच्या जन्मापासूनचा असतो. त्यावर गेलात तर जूनचा व्हिडिओ ऑगस्टच्या व्हिडिओला कायम हरवणार, कारण तो वयाने मोठा आहे.

दुसरा आकडा, तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक अजून बघत होते. तो Engagement टॅबमध्ये Key moments for audience retention या आलेखाजवळ लिहिलेला असतो. छोट्या क्लबच्या खरोखर हातात असलेला आकडा हाच. लोकांना दारापर्यंत आणणं आपल्या हातात थोडंच असतं, दारात आलेल्याला बसवणं बरंचसं असतं.

तिसरी गोष्ट आकडा म्हणून घेतली तरी नाव म्हणून लिहायची: सर्वांत जास्त लोक कुठून आले. Reach टॅबमध्ये ते दिसतं. YouTube search, Browse features, किंवा External. शेवटच्यावर दाबलं की बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅप निघतं. कॉलेजच्या चॅनलला लोक येतात ते वर्गाच्या ग्रुपवरून आणि घरच्या ग्रुपवरून.

थंबनेल बघून किती टक्के लोकांनी दाबलं, म्हणजे Impressions click-through rate, हा आकडा मी मुद्दाम तक्त्यात घेतला नाही. मुलांना तो फार आवडतो, कारण त्यात दशांश चिन्ह असतं. पण हिशेब करून बघा. थंबनेल ३०० वेळा दिसलं आणि ५ टक्के मिळाले, म्हणजे १५ जणांनी दाबलं. पुढच्या आठवड्यात ४ टक्के, म्हणजे १२. ज्या घसरणीवर अर्धा तास चर्चा झाली ती घसरण तीन माणसांची होती. आणखी एक भानगड अशी की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून आलेला माणूस या गणितात येतच नाही, कारण त्याला यूट्यूबने थंबनेल दाखवलेलंच नसतं. ज्या चॅनलचा निम्मा प्रेक्षक ग्रुपवरून येतो त्याच्यासाठी ही टक्केवारी उरलेल्या निम्म्यांचीच गोष्ट सांगते. यूट्यूब स्वतः म्हणतं की निम्मे चॅनल आणि व्हिडिओ २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतात. एवढ्या रुंद पट्ट्यात आपला साडेचार की पाच, याने काही ठरत नाही.

आकड्यांशेजारी दोन वाक्यं. एक, त्या आठवड्यात काय घडलं: इंटर्नल्स, गणपती, पाऊस म्हणून कॉलेज बंद, आपल्या पाहुण्याने स्वतःच्या पेजवर व्हिडिओ शेअर केला. हे लिहिलं नाही तर तीन महिन्यांनी सप्टेंबरचा उंच आकडा बघून सगळे चकित होतात आणि त्या आठवड्यात ढोल-ताशा पथकाचा व्हिडिओ होता हे कुणालाच आठवत नाही. यूट्यूबने मोजण्याची पद्धत बदलली तर तेही इथेच लिहायचं. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किती सेकंद बघितला याची अट राहिली नाही. ज्यांनी त्या आठवड्यात नोंद केली नसेल त्यांना एप्रिलमध्ये आपण एकदम लोकप्रिय झालो असं वाटलं असणार. आपला चॅनल शॉर्टवर चालत असेल तर त्यांची ओळ वेगळ्या पानावर ठेवा. लांब व्हिडिओ आणि शॉर्ट एका रकान्यात घातले की दोन्ही कळेनासे होतात.

दुसरं वाक्य अंदाजाचं, आणि ते व्हिडिओ टाकण्यापूर्वी लिहायचं. ‘नेहमीइतके व्ह्यूज, पण तिसाव्या सेकंदाला जास्त लोक, कारण सुरुवात प्रश्नाने आहे.’ आकडे दिसल्यावर कुणालाही कारणं सुचतात. आधी लिहिलेला अंदाज चुकला की मात्र आपल्याला प्रेक्षकाबद्दल काय ठाऊक नव्हतं ते उघड होतं. क्लबमधल्या सर्वांत आत्मविश्वासू मुलाचे अंदाज सलग पाच वेळा चुकले, त्यानंतर बैठकीतला आवाज बराच खाली आला.

सरासरी नको, मधला आकडा घ्या

या आठवड्याचा आकडा बरा की वाईट हे कशाच्या तुलनेत ठरवायचं? आमच्या आठ व्हिडिओंचे सात दिवसांचे व्ह्यूज असे होते (आकडे थोडे सोपे केलेत): ३१०, २८०, ४२०, २६५, १,९४०, ३५०, २९८, ३३०.

सरासरी काढली तर ५२४ येते. म्हणजे आठपैकी सात व्हिडिओ सरासरीच्या खाली, सात आठवडे क्लब नापास. तो १,९४० वाला व्हिडिओ पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींचा होता. माजी विद्यार्थ्यांच्या एका जुन्या ग्रुपवर तो गेला आणि तिथून सगळीकडे पसरला. तिसऱ्या रकान्यात External लिहिलं होतं, त्यामुळे यूट्यूबची आपल्यावर मर्जी बसली वगैरे समज लगेच दूर झाला.

त्याऐवजी आठही आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधले दोन घ्या: ३१० आणि ३३०. त्यांच्या मध्ये ३२०. हा आपल्या चॅनलचा नेहमीचा आठवडा. शीटमध्ये व्ह्यूज C रकान्यात असतील तर एवढं सूत्र पुरे:

```
=MEDIAN(C2:C9)
```

आता ३२०च्या आजूबाजूला किती हललं तर लक्ष द्यायचं? याला एक ढोबळ ठोकताळा आहे: आकड्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ३२०चं वर्गमूळ साधारण १८, दुप्पट ३६. म्हणजे २८४ ते ३५६ हा सगळा निव्वळ योगायोगाचा पट्टा. प्रत्यक्षात हेलकावा याहून मोठा असतो, कारण माणसं एकेकटी येत नाहीत, एका ग्रुपवर लिंक पडली की झुंडीने येतात. म्हणून मी वर आणखी सूट देते आणि २५० ते ४०० मधल्या व्हिडिओवर ‘का?’ विचारूच देत नाही. वरच्या आठांपैकी त्या पट्ट्याबाहेर दोनच आहेत, आणि चर्चा त्या दोघांचीच.

हाच ठोकताळा रोजच्या आकड्याला लावला की भाषणातलं नाणं पुन्हा भेटतं. दिवसाला ४० व्ह्यूज धरले तर वर्गमूळ सहाच्या थोडं वर, दुप्पट साधारण तेरा. म्हणजे २७ ते ५३ काहीही येऊ शकतं. ग्रुपवर कल्लोळ झालेले ४६ आणि ३१ दोन्ही त्यात आरामात बसतात.

शनिवारची चाळीस मिनिटं

आकडे काढणारा बैठकीपूर्वी ओळ भरून ठेवतो आणि ती कुणाला दाखवत नाही. ही जबाबदारी दर महिन्याला बदलायची, नाहीतर एकच माणूस क्लबचा तलाठी होऊन बसतो आणि सगळे दाखल्यासाठी त्याच्यामागे फिरतात.

पहिली दहा मिनिटं त्या व्हिडिओचा पहिला मिनिट सगळ्यांनी एकत्र बघायचा. दोनदा. मोठ्या पडद्यावर नको, एका फोनवर, जमलं तर फोनच्या स्पीकरच्या आवाजात, कारण प्रेक्षक तसाच बघतो. आमच्या अर्ध्याअधिक दुरुस्त्या आकड्यांतून नाही, या दहा मिनिटांतूनच सापडल्या. मागचं संगीत बोलण्यापेक्षा मोठं आहे, पाहुण्याचं नाव दिसतं पण आपण ते उच्चारलंच नाही, अशा गोष्टी. एडिटिंगच्या लॅपटॉपवर हेडफोन लावून त्या कळत नाहीत.

मग आधी लिहिलेला अंदाज मोठ्याने वाचायचा, आणि त्यानंतरच आकडे उघडायचे. क्रम उलटा केला की सगळे आकड्याकडे बघून व्हिडिओ कसा होता ते ठरवतात.

उरलेला वेळ एका निर्णयासाठी. निर्णय कसा ओळखायचा? पुढच्या गुरुवारचा व्हिडिओ बघून तो पाळला की नाही हे बाहेरच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. ‘क्वालिटी वाढवूया’ हा निर्णय नाही, ती इच्छा झाली. ‘पुढचे चार व्हिडिओ शीर्षकपट्टीने नाही, पाहुण्याच्या वाक्याने सुरू होतील’ हा निर्णय. आणि ‘चार’ यासाठी की एका व्हिडिओवरून काही कळत नाही. चार आठवडे तोच बदल धरून ठेवायचा, मधे दुसरा बदल करायचा नाही. मुलांना हे सर्वांत जड जातं. महिनाभर एकच प्रयोग म्हणजे सेमिस्टरला जेमतेम चार प्रयोग! पण रोज एक प्रयोग करून आम्ही आख्ख्या वर्षात एकही गोष्ट शिकलो नव्हतो.

एक प्रयोग, अथपासून

आमच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला २२ सेकंदांची शीर्षकपट्टी होती. कॉलेजचं बोधचिन्ह, क्लबचं नाव, ड्रोनवरून घेतलेली इमारत, सनईसारखं संगीत. एका सभासदाने सुट्टीत पंधरा दिवस खपून ती केली होती. तक्त्यात तिसाव्या सेकंदाचा आकडा मात्र सतत ४६ ते ५० च्या मध्ये, बरोबर मधोमध ४८. म्हणजे पाहुणा तोंड उघडतो न उघडतो तोच निम्मे लोक गेलेले.

निर्णय झाला: चार आठवडे पट्टी काढायची आणि पाहुण्याचं सर्वांत धारदार वाक्य पहिलं घ्यायचं. अंदाज लिहिला: ‘तिसाव्या सेकंदाला ६०. व्ह्यूज ४०० च्या वर.’

चार आठवड्यांचे आकडे असे आले. तिसाव्या सेकंदाला ६१, ५७, ६३, ५९. व्ह्यूज ३४०, ३१५, ३६०, ३२५.

पहिल्या अंदाजाबद्दल शंका नाही. साधारण तीनशे प्रेक्षकांत पाच-सहा टक्क्यांचा फरक योगायोगाने पडू शकतो, पण दहा-बारा टक्क्यांचा फरक सलग चार वेळा एकाच बाजूला पडत नाही. दुसरा अंदाज मात्र साफ चुकला. चारही आकडे नेहमीच्या पट्ट्यात. लोक जास्त वेळ थांबले, पण जास्त लोक आले नाहीत, आणि थोडा विचार केला तर ते साहजिक आहे: सुरुवात कशी आहे हे न आलेल्याला कळणार कसं? पुढच्या महिन्याचा प्रश्न इथे आपोआप मिळाला, व्हिडिओचं शीर्षक आणि तो कुठल्या ग्रुपवर कुणी टाकायचा.

आम्ही रोज बघत बसलो असतो तर पट्टी दुसऱ्याच आठवड्यात परत आली असती, कारण त्या आठवड्यात व्ह्यूज ३४० वरून ३१५ वर आले होते.

सात दिवसही जिथे कमी पडतात

ही पद्धत एका ठिकाणी फसते. आम्ही महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा याचा व्हिडिओ केला होता. दुसऱ्या दिवशी स्टुडिओने त्याला शेवटच्या दहा व्हिडिओंत 10 of 10 दिलं, म्हणजे शेवटचा नंबर. सात दिवसांत व्ह्यूज १९०, पट्ट्याच्या खाली. “ताई, हा काढून टाकूया, चॅनल खराब दिसतं,” असा गंभीर प्रस्ताव आला. तिसऱ्या रकान्यात मात्र YouTube search लिहिलेलं होतं. म्हणजे कुणी ग्रुपवर ढकललं म्हणून नाही, अडलेली मुलं शोधत येत होती. ठेवला. पुढे तो आठवड्याला ७०-८० व्ह्यूज घेत राहिला आणि तीन महिन्यांत हजाराच्या पुढे गेला. आमचा पाहुण्यांच्या मुलाखतींचा कुठलाच व्हिडिओ दुसऱ्या आठवड्यानंतर एवढा चालला नाही.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दहा मिनिटं जादा: Analytics मध्ये गेले २८ दिवस घ्यायचे (उघडल्यावर तेच आलेले असतात) आणि त्या काळात सर्वांत जास्त बघितलेल्या व्हिडिओंत जुने कुठले आहेत तेवढं पाहायचं. शोधातून येणाऱ्या व्हिडिओंच्या ओळीला तक्त्यात वेगळा रंग द्या आणि त्यांची सात दिवसांवरून परीक्षा घेऊ नका. आणि व्हिडिओ काढून टाकण्याचा निर्णय आकड्यावरून कधीच नको. चुकीची माहिती असेल किंवा पाहुण्याने विनंती केली असेल तर गोष्ट वेगळी.

तुमचा क्लब महिन्याला एकच व्हिडिओ काढत असेल तर शनिवारची बैठकही महिन्यातून एकदाच घ्या. जेवढ्या वेळा काही बदलता येतं तेवढ्याच वेळा आकडा बघायचा. याच हिशेबाने गॅदरिंगचं थेट प्रक्षेपण चालू असेल तर आकडे समोर उघडे ठेवायलाच हवेत, कारण प्रेक्षक अचानक शून्यावर आले तर हॉलमधली वायर कुणीतरी काढलेली असते आणि ती तिथल्या तिथे लावता येते.

रोज काय करायचं

आकडे रोज बघायचे नाहीत म्हणजे चॅनलकडे बघायचंच नाही असं नव्हे. व्हिडिओ गेल्यावर पहिल्या तासात एकाने तो अनोळखी माणसासारखा, लॉग-इन न करता, शेवटपर्यंत बघायचा: आवाज दोन्ही कानांत येतो का, नावं बरोबर आहेत का, खालची लिंक उघडते का. संगीतावरून हक्काचा दावा आला असेल तर तो त्याच दिवशी बघायचा. कमेंटला रोज उत्तर द्यायचं, आणि शिवीगाळ असेल तर काढायची. कमेंट हे माणसाचं बोलणं आहे, तिला आठवडाभर ताटकळत ठेवणं बरं नाही.

आकड्यांचा मोह मात्र इच्छाशक्तीने जात नाही, अंतराने जातो. बऱ्याच क्लबांत एक जीमेल आणि त्याचा पासवर्ड ग्रुपच्या वर्णनात लिहिलेला असतो, पास झालेल्या तीन बॅचसुद्धा आत शिरू शकतात. तो पासवर्ड बदला. स्टुडिओच्या Settings मध्ये Permissions आहे, तिथून ज्यांना व्हिडिओ चढवायचा आहे त्या दोघा-तिघांनाच त्यांच्या स्वतःच्या खात्यावर परवानगी द्या. बाकीच्यांच्या फोनवरून स्टुडिओचं अ‍ॅप काढायचं, आकडे काढणाऱ्याने त्याच्या सूचना बंद ठेवायच्या. ‘आज किती झाले?’ असं ग्रुपवर कुणी विचारलं तर आमच्याकडे ठरलेलं उत्तर होतं, ‘शनिवारी.’ सुरुवातीला राग येतो, तिसऱ्या आठवड्यापासून लोक एकमेकांनाच ते म्हणू लागतात.

परीक्षेत बैठका चुकतात. चुकू द्या, ओळी कोऱ्या ठेवा, नंतर मागचे आकडे भरता येतात. फक्त अंदाजाचा रकाना मागाहून भरायचा नाही. घडी बसली की नाही हे कळायला तक्त्यातला निर्णयांचा रकाना वाचा. गेल्या दोन महिन्यांत घेतलेला एखादा बदल चार आठवड्यांआधीच मागे घेतलेला दिसला तर कुणीतरी अजून चोरून रोज बघतंय असं खुशाल समजा. आमच्याकडे दोनदा तसं निघालं, आणि एकदा ती मीच होते.

राहिली ती २२ सेकंदांची पट्टी. जिने ती केली होती ती मुलगी चार आठवडे बैठकीला येऊन एक शब्दही बोलली नाही. पाचव्या शनिवारी तिनेच सुचवलं की पट्टी व्हिडिओच्या शेवटी लावूया, तिथपर्यंत जे बसले आहेत ते सनईसुद्धा ऐकतील. अजून ती तिथेच आहे.